सकाळी साडेनऊची रात्र

रात्रपाळी करणाऱ्या मैत्रिणीला वाढदिवसाची भेट कुरियरने पाठवली, की ती बहुतेक सकाळी अकरा ते एकच्या मध्ये घरी पोचते. कुरियरवाला दोनदा बेल दाबतो, कोणी उघडत नाही म्हणून तिसऱ्यांदा दाबतो, मग फोन करून पत्ता विचारतो. आत ती साडेनऊला घरी येऊन दहाला झोपलेली असते. पहिल्या दोन-तीन तासांतच माणसाला सगळ्यात गाढ झोप लागते आणि आपली प्रेमाची भेट नेमकी तीच मोडते. वर त्या खोक्यातून निघतात कॉफीचा मग, सुगंधी मेणबत्ती आणि 'शुभ सकाळ' छापलेली उशी.

भेट चुकते ती अशी. आपण ती आपल्या घड्याळाने निवडतो. तिच्यासाठी काही घ्यायचं, तर दुकानात शिरण्याआधी तिच्याकडून दोन गोष्टी काढून घ्याव्या लागतात. एक, महिन्याचं ड्युटीचं वेळापत्रक. दुसरी, ती ज्या खोलीत झोपते त्या खोलीचा भर दुपारी, पडदे लावून, दिवा बंद करून काढलेला फोटो. वेळापत्रकावरून जेवणाचं काय करायचं ते कळतं, फोटोवरून झोपेचं. या दोन्हींशिवाय घेतलेली वस्तू लागू पडली तर नशीब.

नेमकं बोलता यावं म्हणून एक माणूस समोर धरू. डोंबिवलीत राहणारी, ठाण्याच्या बाजूला एका इस्पितळात वॉर्डात काम करणारी सिस्टर. ड्युटी रात्री आठ ते सकाळी आठ. हँडओव्हर देऊन निघायला सव्वाआठ-साडेआठ, घरी साडेनऊ. वन बीएचके, दुसरा मजला, बेडरूमची खिडकी पूर्वेला. हॉलमध्ये सासूबाई आणि टीव्ही. कॉल सेंटरमधल्या मित्राच्या वेळा थोड्या वेगळ्या असतील, त्याला कंपनीची गाडी सोडायला येईल, पण खोलीतला उजेड आणि रात्री एकची भूक दोघांचीही सारखीच.

सुरुवात उजेडापासून, कारण इतर सगळं त्याच्या मागून येतं. आपल्या शरीराचं घड्याळ मेंदूत असतं आणि ते डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर चालतं. सकाळचं ऊन डोळ्यांवर पडलं की झोपेची तयारी करणारं मेलाटोनिन दबतं आणि शरीर दिवसाच्या कामाला लागतं. रात्रभर जागलेल्या माणसाचंही हेच होतं. अंग मोडून आलेलं असतं, पण डोळा लागला तरी झोप वरवरची राहते आणि साडेबाराला आपोआप जाग येते. तिला वाटतं, आपल्याला दिवसा झोपच येत नाही. खिडकीवर मात्र लग्नाच्या वेळी घेतलेला नेटचा पडदा असतो.

म्हणून पहिली भेट म्हणजे ब्लॅकआउट पडदे, आणि ते मापाने घेतलेले. 'ब्लॅकआउट' हा शब्द बाजारात फार सैल वापरला जातो. तीन पदरी विणलेल्या कापडात मध्ये काळा धागा असतो, ते बराचसा उजेड अडवतं. मागे रबरासारखा थर दिलेलं कापड जवळजवळ सगळा अडवतं, पण तो थर गरम इस्त्रीने चिकटतो, वारंवार धुण्याने त्याचे पापुद्रे निघतात आणि शिवणीच्या प्रत्येक टाक्यातून उजेडाचा ठिपका दिसतो. दुकानात पारख करायची ती फोनच्या टॉर्चने. कापडाला टॉर्च चिकटवून दुसऱ्या बाजूने पाहायचं. अंधुक तांबूस गोळा दिसला तर चालेल, दिव्याचा आकार स्पष्ट दिसला तर पुढच्या दुकानात. दुकानदार थोडं विचित्र बघतो, बघू द्यावं.

आता माप. समजा खिडकी चार फूट बाय चार फूट, म्हणजे अठ्ठेचाळीस इंच बाय अठ्ठेचाळीस. दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जास्त धरायचे, वर सहा आणि खाली सहा. झाले साठ बाय साठ. तयार मिळणारा खिडकीचा पडदा पाच फुटी असतो, म्हणजे उंची बरोबर बसली. रुंदीला मात्र कापड ताणून बसवायचं नसतं. चुण्या पडायला दीडपट लागतं, म्हणजे नव्वद इंच. तयार पडद्याची रुंदी साधारण शेहेचाळीस ते अठ्ठेचाळीस इंच, म्हणजे दोन पडदे लागतात. एकच मोठा घेऊन खिडकीएवढाच ताणला, तर दोन्ही कडांनी उजेडाच्या पट्ट्या उरतात आणि साडेदहाच्या उन्हात त्यातली एक बरोबर उशीवर येते.

एवढं करूनही उजेड येतोच. तो येतो वरून. रिंगांच्या पडद्यात दांडी आणि भिंत यांच्यामध्ये फट राहते, त्यातून ऊन छतावर पडतं आणि छत पांढरं असल्यामुळे सगळ्या खोलीत पसरतं. लोक महागडा पडदा घेतात आणि इथे हरतात. दांडीच्या वर भिंतीला चार इंच रुंदीची लाकडी पट्टी आडवी ठोकली की हा प्रश्न संपतो. भाड्याच्या घरात ठोकाठोकीला मालकाची ना असेल, तर दांडी आणि भिंत यांच्यातल्या फटीवर जुन्या चादरीची जाड घडी ठेवली तरी भागतं. दिसायला चांगली नाही, पण बघणारी झोपलेली असते. कडांना, जिथे पडदा भिंतीला टेकतो तिथे, वेल्क्रोची पट्टी लावायची. मधल्या जोडाला दोन पडदे तीन इंच एकमेकांवर येऊ द्यायचे आणि तिथेही वेल्क्रोचे दोन-तीन तुकडे. वेल्क्रो भिंतीला किंवा ॲल्युमिनियमच्या चौकटीला चिकटवण्याआधी जागा स्पिरिटने पुसून पूर्ण सुकू द्यायची. नुसत्या ओल्या फडक्याने पुसून चिकटवलेली पट्टी मेमध्ये दुपारी दोनला खाली येते, आणि पडदा घेऊन येते.

काही जण काचेवर आतून ॲल्युमिनियम फॉइल किंवा काळा कागद चिकटवतात. अंधार उत्तम होतो, खर्च नगण्य. पण ऊन थेट पडणाऱ्या काचेचा मधला भाग तापतो, चौकटीतली कड तेवढी तापत नाही, आणि त्या ताणाने काच तडकू शकते. पूर्वेच्या किंवा पश्चिमेच्या खिडकीवर हा प्रयोग नको.

पडदा लागला की परीक्षा भर दुपारी. सगळं बंद करून पाच मिनिटं आत बसायचं, डोळे अंधाराला सरावू द्यायचे, मग हात लांब करून बोटं मोजायची. मोजता आली तर उजेड कुठून येतोय ते शोधायचं. बहुतेक वेळा तो दाराखालून येत असतो. तिथे जुन्या साडीची घट्ट गुंडाळी पुरते. कधी राउटरचा निळा दिवा असतो, त्यावर चिकटपट्टीचा तुकडा.

एक अडचण पडद्यातूनच निर्माण होते. खिडकी उघडी ठेवली तर वाऱ्याने पडदा हलतो आणि उजेड पापण्यांवर उघडझाप करतो, तो सतत पडणाऱ्या उजेडापेक्षा जास्त त्रास देतो. खिडकी बंद केली तर खोली तापते. खालच्या दुमडीत एकेक वीत अंतरावर जुनी नाणी शिवून टाकली, तर पडदा जागेवर राहतो आणि खिडकी चार बोटं उघडी ठेवता येते. पडद्याची पाठ, म्हणजे खिडकीकडची बाजू, पांढरी किंवा फिकट असलेली बरी. गडद पाठ ऊन पिते आणि रेडिएटरसारखी खोली तापवते.

याच अंधारात एक धोका आहे, ज्याचा विचार दिवसा झोपणाऱ्याच्या घरी सहसा कोणी करत नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, सकाळी आणि संध्याकाळी जास्त. आणि तो बसतो कुठे, तर घरातल्या थंड, अंधाऱ्या कोपऱ्यांत, पडद्यांच्या मागे, पलंगाखाली. आपण अंधारी केलेली खोली त्याला आवडणारच. रात्री झोपणाऱ्या घरात संध्याकाळी डासांची लिक्विड मशीन लावतात आणि सकाळी बंद करतात, म्हणजे तिच्या झोपेच्या वेळी ती बंदच. पावसाळ्यात पडद्यांसोबत घडीची, छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी द्या. खालून तळ असलेली घ्या. तळ नसलेल्या दाणीच्या कडा गादीखाली खोचाव्या लागतात आणि बारा तास उभं राहून आलेली बाई ते करत नाही.

ज्यांच्याकडे पडदा लावायची सोयच नाही, म्हणजे पीजीत तिघींच्या खोलीत राहणारी किंवा हॉस्टेलवाली, तिला डोळ्यांची पट्टी. सपाट सॅटिनची पट्टी टाळा. ती पापण्यांवर दाब देते आणि नाकाजवळ फट सोडते. डोळ्यांच्या जागी वाटीसारखा खोलगटपणा असलेली घ्या, आत डोळे उघडले तरी पापण्या घासत नाहीत. मागचा पट्टा वेल्क्रोचा असेल तर लांब केस त्यात अडकतात आणि कूस बदलली की टोचतो. सरकवून बसवायचा इलास्टिक पट्टा बरा. दर दोन-तीन दिवसांनी धुवावी लागते, म्हणून दोन द्या. एकच दिली तर पावसाळ्यात ती वाळत नाही आणि आठवडाभरात ड्रॉवरमध्ये जाते.

आवाजाचं गणित वेगळं आहे. आवाज बंद करता येत नाही, त्याचे अचानक येणारे धक्के कमी करता येतात. पंख्याचा एकसुरी घरघराट कोणाची झोप मोडत नाही. शेजारच्या कुकरची शिट्टी, मिक्सर, भाजीवाल्याची हाक आणि आपली बेल मोडते. फोमचे इअरप्लग यावर चांगले काम करतात, पण बऱ्याच लोकांना ते घालताच येत नाहीत, आणि मग 'काही उपयोग नाही' म्हणून फेकून देतात. प्लग बोटांत फिरवून बारीक, सुरकुती न पडू देता, उदबत्तीच्या काडीपेक्षा थोडा जाड होईल इतका दाबायचा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, त्याने कानाची वाट सरळ होते. लगेच प्लग आत सरकवायचा आणि वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवायचा, तो फुगेपर्यंत. स्वतःचा आवाज घुमल्यासारखा वाटला तर बरोबर बसला. आरशात पाहिल्यावर अर्ध्याहून जास्त प्लग बाहेर दिसत असेल, तर नुसता बूच लावला आहे. मळला किंवा दाबल्यावर नीट फुगेनासा झाला की टाकून द्यायचा. कानात मळ साठलेला असेल, कान वाहत असेल, तर आधी डॉक्टर.

प्लग घातले की गजर ऐकू येत नाही, आणि मग संध्याकाळी सहापर्यंत झोपून राहण्याच्या भीतीने ती प्लग घालतच नाही. त्यासाठी थरथरणारा गजर द्या, मनगटावरचा साधा फिटनेस बँड पुरतो. त्याचा दुसरा उपयोग लोकलमध्ये. सकाळी ठाण्याहून कल्याणच्या दिशेने जाणाऱ्या गाडीत बसायला जागा मिळते आणि डुलकी लागते. त्या वीस-पंचवीस मिनिटांच्या डुलकीने झोपेची खरी ओढ कमी होते, घरी गेल्यावर तासभर डोळा लागत नाही. स्टेशन चुकून टिटवाळा पाहून येणं वेगळंच. त्याच प्रवासात काळा गॉगल घातला तर सकाळच्या उन्हाचा मारा कमी होतो. मात्र स्कूटरने येणाऱ्या मैत्रिणीला गॉगल देताना विचार करा. पेंगणाऱ्या माणसाला गाडी चालवताना अंधार आणखी पेंगवतो. तिला जागं राहूनच घरी पोचायचं आहे.

बेलचा उपाय सगळ्यात स्वस्त. इलेक्ट्रिशियनला सांगून बेलच्या तारेत आतून बंद करता येणारा स्विच बसवून द्या, अर्ध्या तासाचं काम. दारावर पाटी लावा, पण 'कृपया त्रास देऊ नका' अशी सभ्य पाटी कोणी वाचत नाही. वेळ लिहा: 'सकाळी १० ते दुपारी ४ बेल बंद आहे. पार्सल वॉचमनकडे ठेवा.' काय करायचं ते लिहिलेलं असलं की माणूस ते करतो. आणि सिलिंडर, दूध, मोलकरणीची वेळ यांची एकदा घरच्यांशी बोलून फेरमांडणी. सासूबाईंना ब्लूटूथचा हेडफोन द्यायचा का, हा नाजूक विषय आहे. पण भेट सुनेला देण्याऐवजी त्यांनाच दिली, तर दोघींचं काम होतं.

आता जेवण. इथे आपल्याकडची माया आडवी येते. रात्रभर काम करते म्हणून आई भरगच्च डबा देते, आणि तो ती रात्री दोन-तीनला खाते. रात्री शरीर साखर पचवण्यात मंद असतं. 2021 मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी प्रयोगशाळेत रात्रपाळीसारखी दिनचर्या घडवून दोन गट तपासले होते. रात्रीही जेवणाऱ्यांचं रक्तातल्या साखरेवरचं नियंत्रण बिघडलं, फक्त दिवसा जेवणाऱ्यांचं तसं बिघडलं नाही. वॉर्डात बारा तास उपाशी राहणं कोणाला जमणार नाही, तसं करूही नये. पण मुख्य जेवण ड्युटीच्या आधी, एक हलकं जेवण साडेबारा-एकच्या आत, आणि पहाटे फक्त चिमूटभर, अशी विभागणी करता येते. पहाटे चार-पाचच्या सुमाराला शरीराचं तापमान सगळ्यात खाली गेलेलं असतं, थंडी वाजते आणि नेमकं तेव्हाच तळलेलं, गरम काहीतरी हवंसं वाटतं. कँटीनच्या वड्याची सवय तिथे लागते.

तर आपल्या सिस्टरचा दिवस असा. साडेचार-पाचला उठणं. संध्याकाळी सव्वासहाला घरीच पूर्ण जेवण, भाकरी, उसळ, भाजी, ताक. पावणेसातला निघणं. डबा उघडणार साडेबाराला, म्हणजे भरल्यापासून सहा तासांनी. सगळा गोंधळ या सहा तासांचा आहे. गरम अन्न साठ अंशांच्या वर राहिलं तर सुरक्षित. कोमट झालं की त्यात जीवाणू वाढतात. भातात वाढणाऱ्या एका जीवाणूचं विष तर पुन्हा गरम केल्यानेही जात नाही, म्हणून 'पँट्रीत मायक्रोवेव्ह आहे ना' हे उत्तर पुरेसं नाही.

म्हणून डबा म्हणजे व्हॅक्यूमचा स्टीलचा फूड फ्लास्क, रुंद तोंडाचा, पाचशे मिलीच्या आसपासचा. बाहेरून प्लास्टिक आणि आत स्टीलच्या वाट्या असलेला 'हॉट' डबा वेगळा, तो दोन-तीन तासांचा सोबती आहे, ऑफिसच्या दुपारसाठी ठीक. फ्लास्क घरी आणल्यावर पहिल्या दिवशी उकळतं पाणी भरून बाहेरून हात लावा. बाहेरची भिंत गरम लागली तर आतला व्हॅक्यूम गेलेला आहे, परत करा. मग सहा तासांनी झाकण उघडून स्वयंपाकाच्या थर्मामीटरने पाण्याचं तापमान पाहा. साठच्या वर असेल तर तो रात्रीच्या खिचडीला लायक. खाली असेल तर त्यात फळं न्यावीत.

भरायची पद्धतही तितकीच महत्त्वाची. आधी फ्लास्कमध्ये उकळतं पाणी घालून झाकण लावून दहा मिनिटं ठेवायचं. पाणी ओतून लगेच, उकळतं अन्न काठोकाठ भरायचं. थंड स्टीलमध्ये ओतलेली खिचडी पहिल्याच मिनिटात बरीच उष्णता भांड्याला देऊन बसते, आणि अर्धा भरलेला फ्लास्क पूर्ण भरलेल्यापेक्षा लवकर निवतो. नेहमीचं दुखणं हे की उरलेली भाजी चार चमचे म्हणून त्यात टाकली जाते, आणि रात्री ती कोमट निघाली की दोष फ्लास्कला.

खिचडी नेहमीच्या मापाने केली, तर सहा तासांत तांदूळ सगळं पाणी पिऊन टाकतो आणि चमचा उभा राहतो. पाचशे मिलीच्या फ्लास्कला पाव वाटी तांदूळ, पाव वाटी मुगाची डाळ आणि सव्वातीन वाट्या पाणी, वाटी दीडशे मिलीची. जिरं, हिंग, हळद, मीठ आणि वरून चमचाभर तूप. भरताना ती आमटीसारखी दिसली पाहिजे. तशी दिसली तर साडेबाराला ती खिचडी असते. ओलं खोबरं आणि दही यात नको, ते वेगळं, आणि उन्हाळ्यात मुळीच नको.

फ्लास्क नको असेल तर दशमी. ती प्रवासाचीच भाकरी, तिचा स्वभावच टिकण्याचा. दोन वाट्या कणीक, चिमूट मीठ, चमचाभर तेल आणि पाणी अजिबात न घालता लागेल तसं दूध, साधारण पाऊण वाटी. सहा-सात होतात. दुधाने ती मऊ राहते, वातड होत नाही. भाजल्यावर चाळणीवर किंवा जाळीवर पूर्ण निवू द्यायच्या, मगच डब्यात. गरम भरल्या की वाफ धरते, खालची दशमी चिकट होते आणि पावसाळ्यात दुसऱ्या दिवशी तिला वास येतो. सोबत जवसाची किंवा कारळ्याची कोरडी चटणी. लसणाची नको, आणि हे चवीसाठी सांगत नाही. तोंडावर मास्क लावून उरलेली पाळी काढायची असते.

चटणीची बाटली हीच एक छान भेट होते. जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजून, पूर्ण थंड करून, मगच मिक्सरला लावायचे. गरम वाटले की तेल सुटून गोळा होतो. छोटी बाटली करा, आठ-दहा दिवस पुरेल एवढी. मोठी बरणी महिनाभर उघडझाप होत दमट होते.

पहाटेच्या चिमूटभरासाठी फुटाणे आणि खजूर, किंवा एक राजगिऱ्याचा लाडू, एकेका पाळीची वेगळी पुडी करून. डिंकाचा लाडू रात्री जड पडतो, तो संध्याकाळच्या जेवणानंतर खावा. पुड्या वेगळ्या करण्याचं कारण वॉर्डात आहे. पेशंटच्या आसपास खायचं नसतं, ड्युटी रूममध्ये जाऊन हात धुऊन, मिळालेल्या सात-आठ मिनिटांत खायचं असतं. हाताला सॅनिटायझरचा वास असतो. चमच्याने किंवा दोन घासांत संपणारं असलं तर खाल्लं जातं, सोलायचं, मोडायचं, कालवायचं असलं तर घरी परत येतं.

चहाबद्दल एकच गोष्ट. चहा-कॉफीतलं कॅफिन निम्मं उतरायला पाच-सहा तास लागतात. दहाला झोपायचं तर शेवटचा खरा चहा दोन-अडीचच्या आत. पहाटेचा 'फक्त अर्धा कप' थेट सकाळच्या झोपेतून वजा होतो. गवती चहाची कुंडी द्या. चार पाती, आल्याचा तुकडा, गूळ, चहापूड न घालता उकळून छोट्या थर्मासमध्ये. गरम लागतं, हाताला ऊब मिळते, आणि त्यात कॅफिन नाही. कुंडी खिडकीत, पडद्याच्या बाहेरच्या बाजूला ठेवता येते. उन्हाची तिलाच गरज आहे.

सकाळी घरी आल्यावर उपाशी झोपू नये. भुकेने बाराला जाग येते. पण पोहे-उपम्याची भरलेली ताटली नको. वाटीभर मऊ भात, मेतकूट, तूप. बाटलीभर मेतकूट द्या, एवढं पुरे.

झोपेच्या गोळ्या, मेलाटोनिनच्या गोळ्या भेट म्हणून देऊ नयेत. मेलाटोनिन चुकीच्या वेळी घेतलं तर शरीराचं घड्याळ उलट्या बाजूला सरकतं, आणि कोणती वेळ योग्य हे ज्याच्या-त्याच्या पाळीवर ठरतं. ते डॉक्टरचं काम. वजनदार गोधडी मुंबईच्या दमट हवेत शिक्षा होते. एनर्जी ड्रिंकचा खोका आणि सुगंधी मेणबत्ती यांच्याबद्दल फार बोलायला नको, पेटती मेणबत्ती ठेवून झोपी जाणाऱ्याच्या खोलीत तर नाहीच.

वेळापत्रक हातात आहे, तर एक गोष्ट आणखी करता येते, आणि ती विकत मिळत नाही. पाच-सहा रात्रींच्या पाळीनंतर नाईट ऑफ लागतो. त्या शेवटच्या सकाळी ती घरी येऊन नेहमीसारखी चारपर्यंत झोपली, तर त्या रात्री झोप येत नाही आणि सुट्टीचे दोन दिवस घड्याळ फिरवण्यात जातात. त्या एका दिवशी तीन तासच झोपायचं असतं, दहा ते एक, आणि मग रात्री साडेनऊ-दहाला पुन्हा. स्वतःहून एकला उठणं जवळपास अशक्य, गजर हात लांब करून बंद होतो. कॅलेंडरवर तिच्या शेवटच्या पाळीच्या दुसऱ्या दिवशी खूण करून ठेवा. इतर दिवशी दहा ते चार फोन करायचा नाही. त्या दिवशी बरोबर एकला करा, ती चिडून उचलेल, आणि पडदा उघडून खिडकीशी जाऊन उभी राहीपर्यंत फोन ठेवू नका.